ट्रेंडिंग ऑडिओ आणि चॅलेंज: आपल्या ब्रँडने उडी मारायची की नाही? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे छोटे ब्रँडवाले, म्हणजे पापड-बिबडेवाल्या ताई, केळी वेफर्सवाले, मसालेवाले, साडीची दुकानं, सराफ, हे लोक मला इन्स्टाग्राम रील्सबद्दल जे परत परत विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहून ठेवलंय. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ३ आणि ६ वाचा, कारण बाकी बरीच उत्तरं तिथूनच निघतात. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक लोक आधी रील बनवतात, मग बघतात ट्रेंड संपलाय का आणि सगळ्यात शेवटी कळतं की ते गाणं आपल्याला वापरताच येत नव्हतं. हा क्रम बरोबर उलटा पाहिजे. आधी हक्क, मग वेळ, मग आपल्याला बसतंय का ते, आणि कॅमेरा त्याच्या नंतर.

१. ट्रेंडिंग ऑडिओ म्हणजे नक्की काय? ज्यावर लाखो रील्स झाल्यात तो ट्रेंडिंगच ना?

नाही, इथेच पहिली गल्लत होते. लाखो रील्स म्हणजे तो ऑडिओ लोकप्रिय आहे किंवा कधीतरी होता एवढंच. ट्रेंडिंग म्हणजे तो आत्ता वाढतोय. इन्स्टाग्राम अशा ऑडिओच्या नावाजवळ वर जाणारा छोटा बाण दाखवतं. बाण नसेल आणि आकडा मोठा असेल तर तो बहुतेक जुना झालेला असतो. ऑडिओच्या नावावर टॅप केलं की त्याचं पेज उघडतं, तिथे किती रील्स झाल्या ते दिसतं आणि ऑडिओ सेव्हही करता येतो. आणि ट्रेंड म्हणजे फक्त गाणं असं नाही. एखादा डायलॉग असतो, एखादी मांडणी असते (म्हणजे "लोकांना वाटतं असं, खरं असतं तसं" टाइप), एखादी स्टेप असते किंवा चॅलेंज असतं. मांडणी आणि ऑडिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे प्रश्न ६ मध्ये त्याचाच उपयोग होणार आहे.

२. ट्रेंडवर रील केली की रीच वाढतोच असं सगळे म्हणतात, खरंय का?

अर्धं खरंय. ऑडिओ ओळखीचा असला की माणूस पहिल्या एक-दोन सेकंदात थांबतो, कारण पुढे काय होणार याची त्याला उत्सुकता असते. पण थांबल्यावर त्याने रील शेवटपर्यंत बघितली का, कोणाला पाठवली का, यावर पुढचं ठरतं आणि ते काम ऑडिओ करत नाही, तुमचा व्हिडिओ करतो. शिवाय रीच वाढला तरी तो कुठे वाढला हे बघा. चोपड्यात दुकान असलेल्या माणसाची रील लखनौ आणि पाटण्यात फिरली तर आकडा छान दिसतो पण दुकानात कोणी येत नाही. कुरिअरने माल पाठवणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना लांबचं गिऱ्हाईकही चालतं. त्यामुळे "रीच पाहिजे" एवढं म्हणून थांबू नका, कोणत्या गावातल्या कोणत्या माणसापर्यंत जायचंय ते आधी ठरवा.

३. आमचं बिझनेस अकाउंट आहे, हवं ते गाणं दिसतच नाही. क्रिएटर अकाउंट करून टाकू का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून नीट सांगतो. इन्स्टाग्रामने म्युझिक कंपन्यांशी जे करार केलेत ते लोकांच्या खासगी वापरासाठी आहेत, म्हणजे तुम्ही भाच्याच्या हळदीचा व्हिडिओ टाकलात त्यासाठी. धंद्यासाठी वापरायचं असेल तर गाण्याचा परवाना तुमच्याकडे वेगळा पाहिजे, असं मेटाच्या संगीताच्या नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणूनच बिझनेस अकाउंटला बरीच फिल्मी गाणी दिसत नाहीत.

क्रिएटर अकाउंट केलं की जास्त गाणी दिसायला लागतात हे खरंय, आणि इथेच लोकांना वाटतं की मार्ग सापडला. पण अकाउंटचा प्रकार बदलल्याने वापराचा प्रकार बदलत नाही. पाकीट दाखवून, किंमत सांगून, "ऑर्डरसाठी मेसेज करा" म्हणालात की तो धंद्याचाच वापर झाला, अकाउंट काहीही असो. गाणं दिसतंय म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

मग वापरायचं काय? मेटाचं साउंड कलेक्शन आहे, त्यातलं संगीत फेसबुक-इन्स्टावर धंद्यासाठीही चालतं. पण ते मेटापुरतंच आहे, तीच रील उचलून यूट्यूबवर टाकायची असेल तर तिथे यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या. दुसरा रस्ता, स्वतःचा आवाज किंवा कामाचा आवाज, ते प्रश्न ६ मध्ये आहे. तिसरा, ज्याचं गाणं त्याच्याकडून लेखी परवानगी, ते प्रश्न ८ मध्ये.

४. पण बाकीचे सगळे दुकानवाले फिल्मी गाणी बिनधास्त टाकतात, त्यांना तर काही होत नाही?

बहुतेक वेळा जे होतं ते बाहेरून दिसत नाही. एखाद्या दिवशी रील म्यूट होते किंवा निघून जाते. किंवा रील चांगली चालली म्हणून मालक बूस्ट करायला जातो आणि गाण्याच्या कॉपीराइटमुळे बूस्टच होत नाही. म्हणजे ज्या रीलवर पैसे लावायची वेळ आली नेमकी तीच अडकली. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात हे झालं तर अख्खा सीझन हातचा जातो.

मोठ्या पातळीवर केसेसही झाल्यात. अमेरिकेत बँग नावाच्या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीने आपल्या टिकटॉक व्हिडिओत गाणी वापरली, कंपनीचं म्हणणं होतं की अॅपमध्येच गाणी उपलब्ध होती, पण २०२२ मध्ये तिथल्या कोर्टाने कंपनीलाच जबाबदार धरलं. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत, खासगी वापर, समीक्षा, बातमी वगैरे. मालाची जाहिरात त्यात बसत नाही. "फक्त १५ सेकंद घेतलं तर चालतं" असा कुठलाही नियम नाहीये, कोणीही सांगो.

तुमच्या छोट्या दुकानावर उद्याच नोटीस येईल असं मी म्हणत नाही. पण जो माणूस पाच वर्षं धरून ब्रँड उभा करतोय त्याने आपलं सगळं काम दुसऱ्याच्या गाण्यावर उभं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

५. ऑडिओवर "ओरिजिनल ऑडिओ" लिहिलेलं असतं, मग तो तरी फ्री असतो ना?

नाही. "ओरिजिनल ऑडिओ" याचा अर्थ एवढाच की कोणीतरी तो आपल्या व्हिडिओसोबत चढवला, लायब्ररीतून घेतला नाही. आता त्या माणसाने टीव्हीसमोर मोबाईल धरून पिक्चरचं गाणं रेकॉर्ड केलेलं असेल तरी तिथे तेच लिहून येतं. म्हणून ऑडिओच्या पेजवर जाऊन मूळ रील उघडा आणि स्वतःच्या कानाने ऐका. मागे गाणं वाजतंय का? आवाज कोणाचा आहे? तो माणूस हसतोय, रडतोय, भांडतोय, की कोणीतरी त्याची टिंगल करायला ते रेकॉर्ड केलंय?

हे शेवटचं फार महत्त्वाचं. बरेच मजेशीर वाटणारे ऑडिओ मुळात कोणाच्या तरी वाईट क्षणाचे असतात आणि बारा सेकंदाच्या तुकड्यात ते कळत नाही. तसंच आपल्याकडच्या बोलीची नक्कल करून हसवणारे ऑडिओ. खान्देशातल्याच ब्रँडने अहिराणी बोलणाऱ्याला अडाणी दाखवणारा आवाज वापरला तर आपलंच गिऱ्हाईक दुखावतं, आणि ते कमेंटमध्ये सांगत नाही, गुपचूप अनफॉलो करतं. मूळ रील सापडलीच नाही तर तो ऑडिओ सोडून द्या.

६. ट्रेंड आपल्या ब्रँडला बसतोय हे ओळखायचं कसं? काहीतरी सोपी टेस्ट सांगा.

माझी टेस्ट अशी आहे. रीलची कल्पना कागदावर लिहा, मग ऑडिओ बंद आहे असं समजून ती परत वाचा. आवाज नसताना सुद्धा बघणाऱ्याला तुमच्या मालाबद्दल एखादी गोष्ट कळतेय का, जी त्याला आधी माहीत नव्हती? कळत असेल तर ट्रेंड बसतोय. नुसतं नाचणारं माणूस आणि शेवटी लोगो एवढंच उरत असेल तर नाही बसत, कारण तिथे कुठल्याही दुकानाचा लोगो लावला तरी रील तशीच राहील.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा रावेर-सावद्याकडचा एक केळी वेफर्सचा घरगुती ब्रँड आहे. सोमवारी सकाळी मालकाच्या मुलीला एक ट्रेंड दिसतो, पिक्चरमधला डायलॉग आहे, पहिल्या अर्ध्यात "लोकांना वाटतं" आणि मग थाप पडली की "खरं असं असतं". वर बाण आहे. ती ऑडिओच्या पेजवर जाते, डायलॉग पिक्चरचा आहे आणि मागे संगीतही आहे, म्हणजे हक्क कंपनीचे. इथे ऑडिओ कटला. पण मांडणी कोणाच्या मालकीची नसते, "वाटतं एक आणि असतं एक" हे कोणीही दाखवू शकतं. म्हणून ती ऑडिओ सोडते आणि मांडणी ठेवते.

आता बसतंय का ते. वेफर्सबद्दल लोकांना काय वाटतं? की पिकलेल्या केळीचे करतात, म्हणून गोडसर असतील. खरं काय? कच्ची हिरवी केळी सोलतात आणि किसणी कढईवर आडवी धरून चकत्या थेट उकळत्या तेलात पाडतात. शहरातल्या बऱ्याच लोकांनी हे कधी बघितलेलंच नसतं. म्हणजे सांगायला खरी गोष्ट आहे. मग शॉट ठरतात: पिवळी केळी हातात, त्यावर अक्षरं "लोकांना वाटतं". लगेच बागेतला हिरवा घड. मग सोलणं. मग कढईवर किसणी आणि तेलात पडणाऱ्या चकत्या, हा शॉट सगळ्यात लांब ठेवायचा. शेवटी झाऱ्यातून निघणारे वेफर्स आणि पाकीट. एकूण बारा-पंधरा सेकंद. आवाज काय लावायचा? चकत्या तेलात पडतानाचा चर्र आवाज तसाच ठेवायचा आणि वर आईचा आवाज, घरात बोलतात त्याच लेवा बोलीत. त्या पट्ट्यात लेवा बोली, अमळनेर-धुळ्याकडे असाल तर अहिराणी, जी घरची असेल ती. ओढूनताणून दुसरीकडची बोली बोलू नका, गावातल्या माणसाला दोन शब्दांत कळतं.

आवाज बंद करून बघा, अजूनही कळतंय की कच्ची केळी, थेट तेलात, ताजं. रील बसली. शिवाय आता ती बूस्ट करता येईल, यूट्यूबवर टाकता येईल आणि ट्रेंड संपल्यावर पण खोटी वाटणार नाही.

याच ट्रेंडवर तीच मुलगी पाकीट हातात घेऊन ओठ हलवत डायलॉग बोलली असती तर? कदाचित व्ह्यूज आले असते. पण वेफर्सबद्दल कोणाला काहीच कळलं नसतं.

७. ट्रेंड आम्हाला कळेपर्यंत आठवडा गेलेला असतो. उशीर झाला हे कसं ओळखायचं?

ऑडिओ दिसला की सेव्ह करा आणि त्याचा आकडा लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत बघा. आकडा जोरात वाढला असेल आणि बाण असेल तर वेळ आहे. जेमतेम हलला असेल तर लाट ओसरतेय. दुसरी खूण म्हणजे वरच्या रील्स कोणाच्या आहेत ते बघा, बँका, विमा कंपन्या आणि मोठाले मोबाईल ब्रँड सगळे करून बसले असतील तर बघणाऱ्याला कंटाळा यायला लागलेला असतो.

पण यात एक आपल्याकडची गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या एजन्सीवाले सांगत नाहीत. तुमचं गिऱ्हाईक रोज तीन तास रील्स बघणारा कॉलेजचा मुलगा नसेल, पारोळ्यातल्या चाळीशीच्या ताई असतील तर त्यांच्यापर्यंत तो ट्रेंड आत्ताच पोचत असेल. म्हणून इंटरनेटवर जुना झालाय का हे विचारण्यापेक्षा तुमच्या ओळखीच्या चार-पाच गिऱ्हाईकांना व्हॉट्सअॅपवर विचारा, "हे बघितलंय का?" सगळ्यांनी बघितलं असेल आणि वैतागले असतील तर सोडा.

शूटिंग आणि एडिटिंग मिळून दोन दिवसांत होणार नसेल तर मी तो ट्रेंड घेऊच नका म्हणतो. त्यापेक्षा दरवर्षी येणारी लाट पकडा. आखाजी, कानबाई, पोळा, गुलाबाई, उन्हाळ्यातलं पापड-कुरडयांचं वाळवण, लग्नसराई, यांच्या तारखा आधीच माहीत असतात, तयारी महिनाभर आधी करता येते.

८. अहिराणी गाणं जोरात चाललंय आणि गायक भाऊ आमच्या ओळखीचा आहे, तो हो म्हणाला. टाकू ना?

थांबा, त्याला एक प्रश्न विचारा, "गाणं कोणाच्या नावावर आहे?" खान्देशात सध्या यूट्यूबवर जी गाणी गाजतात त्यात गाणारा एक, लिहिणारा दुसरा, चाल तिसऱ्याची आणि पैसे लावून चॅनेलवर चढवणारा चौथा असं बऱ्याचदा असतं. गाणाऱ्याने मनापासून "वापर रे भो" म्हटलं तरी हक्क चॅनेलवाल्याने किंवा एखाद्या म्युझिक कंपनीने घेतले असतील तर त्याचा होकार पुरत नाही. यूट्यूबवर व्हिडिओच्या खाली बऱ्याचदा संगीताची माहिती असते, तिथे कंपनीचं नाव दिसतंय का बघा.

ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्याकडून लेखी घ्या. फार मोठा कागद लागत नाही, ईमेल किंवा व्हॉट्सअॅप मेसेजही नुसत्या तोंडी होकारापेक्षा बरा. त्यात पाच गोष्टी स्पष्ट पाहिजेत: कुठलं गाणं आणि कुठला तुकडा, कुठल्या अॅपवर, पैसे लावून बूस्ट करायची परवानगी आहे का, किती दिवसांसाठी आणि मोबदला किती. बूस्टचं लोक विसरतात आणि नंतर तिथेच वाद होतो. आणि मोबदला द्या, थोडा का असेना. आपल्या बोलीतला कलाकार फुकटात वापरायचा आणि मुंबईच्या इन्फ्लुएन्सरला मात्र पैसे मोजायचे हे मला पटत नाही.

गावातलं गाणं वापरण्याचा फायदा मात्र खरंच मोठा आहे, कारण परवानगी मागायला माणूस एका फोनवर सापडतो.

९. कानबाईची गाणी, ओव्या, बहिणाबाईंच्या कविता, हे तर आपलंच आहे. यालाही परवानगी लागते का?

इथे दोन थर आहेत, शब्द-चाल वेगळी आणि रेकॉर्डिंग वेगळं. कानबाईची किंवा आखाजीची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गाणी कोणा एकाच्या मालकीची नाहीत, तुमच्या आजीने गायली आणि तुम्ही रेकॉर्ड केली तर आजीला विचारा, बस. पण एखाद्या गायिकेने तेच गाणं वाद्यं लावून रेकॉर्ड केलेलं असेल तर ते रेकॉर्डिंग तिचं किंवा कंपनीचं, ते उचलता येत नाही.

बहिणाबाई चौधरींचं असं आहे की त्या १९५१ मध्ये गेल्या आणि संग्रह त्यानंतर, १९५२ मध्ये छापला गेला. लेखकाच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या साहित्याला आपल्या कायद्याने प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण असतं, म्हणजे त्या संग्रहातल्या कवितांचं २०१२ च्या शेवटी संपलं. शब्द आज स्वतःच्या आवाजात म्हणता येतात. पण त्यांना लावलेल्या प्रसिद्ध चाली आणि ती जुनी रेकॉर्डिंग्ज वेगळी, ती धरू नका.

कायद्याने चालतं म्हणून सगळंच करावं असंही नाही. ओळ जशी आहे तशी म्हणा, खाली कवयित्रीचं नाव द्या, तिच्यात डिस्काउंटचा आकडा घुसवू नका. आणि कानबाईचं गाणं मालाच्या मागे वाजवायचंच असेल तर तो माल त्या सणाचा असावा.

१०. आमचा मसाल्याचा ब्रँड आहे, नंदुरबारची मिरची. सगळ्यात तिखट खाऊन दाखवायचं चॅलेंज करू का? व्हायरल होईल.

नका करू. हे मी अगदी ठामपणे सांगतो. अमेरिकेत अतितिखट चिपची अशीच एक कंपनी होती, एक चिप खायचं चॅलेंज. २०२३ मध्ये तिथे १४ वर्षांचा एक मुलगा ती चिप खाल्ल्यानंतर काही तासांत गेला. पुढच्या वर्षी आलेल्या शवविच्छेदन अहवालात मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मोठ्या मात्रेचा उल्लेख होता, त्याला हृदयाचा जन्मजात दोषही होता. कंपनीने मृत्यूनंतर लगेच माल दुकानांमधून परत मागवला. पाकिटावर लहान मुलांनी खाऊ नये असं लिहिलेलं होतं, तरीही. चॅलेंज एकदा सोडलं की कोण करेल हे तुमच्या हातात राहत नाही, आणि कोणाला आतून काय त्रास आहे हे बघणाऱ्यालाच काय, त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

चालतं चॅलेंज कसं ओळखायचं? आठवीतल्या मुलाने मोठं कोणी घरात नसताना ते केलं तर सगळ्यात वाईट काय होईल, हा प्रश्न विचारा. दवाखाना आठवला तर रद्द. २०१८ मध्ये चालत्या गाडीतून उतरून नाचायचं किकी चॅलेंज आलं होतं, मुंबई पोलिसांना त्याबद्दल लोकांना इशारा द्यावा लागला. रस्ता, रेल्वे, विहीर, धरण, आग, उंची, जनावरं, जबरदस्तीचं खाणं-पिणं, हे कशातही नको.

मसाल्यालाच चॅलेंज पाहिजे असेल तर असं करा: "तुमच्या घरचा काळा मसाला कशाकशाचा, तीस सेकंदात सांगा." प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं, कोणी खोबरं जास्त भाजतं, कोणी दगडफूल घालतं, लोक भांडणासारखे कमेंट करतात. कोणाला इजा नाही आणि बोलणं सगळं मसाल्याबद्दलच.

११. आम्ही इन्फ्लुएन्सर ताईला पैसे देतो, ट्रेंडिंग गाणं ती तिच्या अकाउंटवर टाकते. मग जबाबदारी तिची ना?

फक्त तिची नाही. पैसे किंवा फुकट साडी देऊन करून घेतलं म्हणजे ती तुमची जाहिरात झाली. २०२४ मध्ये सोनी म्युझिकने अमेरिकेत मॅरियट हॉटेल्सवर जी केस टाकली होती त्यात हॉटेलच्या स्वतःच्या पोस्टसोबत इन्फ्लुएन्सरच्या पोस्टही धरल्या होत्या (ती केस त्याच वर्षी संपली). म्हणून ताईलाही प्रश्न ३ मधलेच पर्याय द्या, ऑर्डर देतानाच लिहून द्या.

दुसरं, ही जाहिरात आहे हे बघणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे. जाहिरात क्षेत्राची संस्था ॲस्कीचे यावर २०२१ पासून नियम आहेत, फुकट मिळालेली वस्तू सुद्धा त्यात मोजतात. "पेड पार्टनरशिप" चं लेबल लावा, हॅशटॅगच्या ढिगात शेवटी लपवू नका.

१२. हिरोचा आवाज नाही, फक्त त्याचा फेमस डायलॉग आम्ही स्वतः बोललो तर?

नक्कल करून माल विकत असाल तर तिथेही अडचण आहे. २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज आणि त्यांच्या स्टाइलचं "झकास" सुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंग यांच्या आवाजाबद्दल तसाच आदेश दिला. याचा अर्थ झकास म्हणायचंच नाही असा नाही, शब्द आपलाच आहे. पण गॉगल, ती लकब आणि तो आवाज काढून खाली तुमच्या दुकानाचा पत्ता असेल तर तुम्ही त्या माणसाची ओळख वापरताय.

१३. रील शेड्यूल केलेली होती आणि त्याच दिवशी गारपीट झाली. जाऊ द्यायची का?

लगेच थांबवा. रावेर-यावल पट्ट्यात वादळाने केळीच्या बागा आडव्या झालेल्या असताना त्याच गावच्या वेफर्स ब्रँडची नाचाची रील येणं फार वाईट दिसतं, आणि तुमचं अर्धं गिऱ्हाईक त्या बागांवरच जगतं. मी म्हणतो शेड्यूलिंगची सवय असेल तर रोज सकाळी दहा मिनिटं गावाच्या बातम्या बघून मगच दिवसाची पोस्ट जाऊ द्या. किती दिवस थांबायचं? पंचनामे चालू आहेत तोपर्यंत ट्रेंडला हात लावू नका. आणि उलटं पण करू नका, म्हणजे नुकसानीच्या फोटोवर उदास ट्रेंडिंग गाणं लावून खाली लोगो. मदत करत असाल तर साधी पोस्ट, कुठे काय मिळेल एवढंच.

१४. आमची सराफी पेढी आहे, तीन पिढ्यांची. आम्ही ट्रेंड केला तर हलकं वाटेल का?

मालकाने ओठ हलवत डायलॉग मारला तर वाटेल. जळगावला सोनं घ्यायला माणूस लांबून येतो ते विश्वासावर. पण मांडणी घेता येते, "वाटतं एक, असतं एक" यावरच घडणावळ कशी मोजतात, हॉलमार्कचा शिक्का कुठे असतो हे कारागिराच्या हातातून दाखवा. टेस्ट प्रश्न ६ चीच.

१५. रीलला व्ह्यूज खूप आले पण ऑर्डर एकही नाही. ट्रेंड चुकला का?

एका रीलवरून ठरवू नका. तुमच्या मागच्या दहा रील्स घ्या आणि त्यातल्या मधल्या आकड्याशी तुलना करा, सगळ्यात जास्त चाललेल्या रीलशी नाही. व्ह्यूजपेक्षा तीन गोष्टी बघा: किती जणांनी पुढे पाठवली, किती जणांनी सेव्ह केली आणि कमेंट-मेसेजमध्ये लोक काय बोलतायत. "गाणं कुठलं आहे?" असं विचारत असतील तर रीलने गाणं विकलं. "अर्धा किलो केवढ्याला, धुळ्याला पाठवता का?" असं असेल तर माल विकायला सुरुवात झाली, व्ह्यूज कमी असले तरी. ऑर्डर घेताना "कुठे बघितलं?" हे विचारून वहीत लिहा, कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा हे खात्रीचं.

तुमच्या अकाउंटला ट्रायल रील्सची सोय आली असेल तर शंका असलेला ट्रेंड तिथे टाका, ती रील आधी फॉलोअर नसलेल्यांना दिसते. नाही चालली तर तुमच्या रोजच्या गिऱ्हाईकासमोर ती येतच नाही.

१६. जुन्या रील्सवर फिल्मी गाणी आहेत, काही म्यूट पण झाल्यात. सगळ्या डिलीट करू?

सरसकट नको. आधी यादी करा, कुठल्या रीलमध्ये माल, किंमत किंवा ऑर्डरचा नंबर आहे. त्या धंद्याच्या झाल्या, त्यांचं मूळ फुटेज मोबाईलमध्ये किंवा ड्राइव्हवर असेल तर चालणारा आवाज लावून नव्याने टाका आणि जुनी काढा किंवा अर्काइव्ह करा. पोस्ट झालेल्या रीलचं गाणं मनासारखं बदलता येईलच यावर विसंबू नका. म्यूट झालेल्या रीलमध्ये नुसत्या चित्रावर गोष्ट कळत असेल तर फुटेज चांगलं आहे, तिथे सुरुवात करा. आणि इथून पुढे प्रत्येक शूटची बिनगाण्याची कॉपी वेगळी ठेवा, फोल्डरला तारीख आणि मालाचं नाव द्या, म्हणजे पुढच्या आखाजीला तेच वाळवणाचे शॉट परत कामाला येतील.